शुक्रवारचे पन्नास कोटी

१९५५ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्यात एक साधी कारकुनी व्यवस्था ठरली. बँकेतल्या सरकारच्या खात्यावर दर शुक्रवारी किमान ५० कोटी आणि इतर दिवशी किमान ४ कोटी रुपये शिल्लक असलेच पाहिजेत. शिल्लक त्याखाली गेली, की सरकारने ९१ दिवसांच्या मुदतीची ट्रेझरी बिले काढायची आणि ती रिझर्व्ह बँकेने आपोआप घ्यायची. या बिलांना ‘अ‍ॅड हॉक’ म्हणत, म्हणजे गरजेपुरती, तात्पुरती. शुक्रवारच निवडला, कारण रिझर्व्ह बँकेचे साप्ताहिक ताळेबंद-पत्रक शुक्रवारअखेरचे असते आणि त्यात सरकारचे खाते रिकामे दिसणे बरे नव्हे.

ही तात्पुरती सोय ४२ वर्षे चालली.

सरकारचे खर्च आणि सरकारची आवक यांची वेळ कधी जुळत नाही, हे खरेच आहे. पगार आणि निवृत्तिवेतन दर महिन्याला द्यावे लागते. आगाऊ प्राप्तिकर मात्र तिमाहीच्या हप्त्यांनी येतो. मधल्या काळात हात अडला तर कुणीतरी पैसे पुरवायला हवेत आणि सरकारची बँकर म्हणून ते काम रिझर्व्ह बँकेनेच करायचे. तेव्हा मूळ कल्पनेत काही गैर नव्हते. खोट होती ती दोन गोष्टींत. किती बिले काढायची याला वरची मर्यादा नव्हती. आणि ९१ दिवसांनी बिलाची मुदत संपली की जुने फेडायला नवे बिल निघे. उधारीच्या वहीचे पान भरले की बाकी पुढच्या पानावर ओढायची, तसे हे चालले. पान फारच जड झाले, की साठलेली बिले मुदतच नसलेल्या खास रोख्यांत बदलली जात. ते रोखे बाजारात विकता येत नसत आणि ते फेडण्याची तारीखही नसे.

या कराराच्या वेळी अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. बँकेच्या बाजूचे म्हणणे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसेल. पण दुसरी पंचवार्षिक योजना उंबरठ्यावर होती. १९५६ ते १९६१ या योजनेत सरकारी क्षेत्रासाठी ४,८०० कोटींचा खर्च धरलेला होता आणि त्यातले १,२०० कोटी तुटीच्या अर्थभरणातून, म्हणजे मुख्यतः रिझर्व्ह बँकेकडून, यायचे होते. चौथा हिस्सा! त्याच सुमारास दुसरे दारही उघडले. चलनी नोटांच्या पाठीशी ठरावीक प्रमाणात सोने आणि परकीय रोखे ठेवण्याचा जुना नियम १९५६ मध्ये बदलला आणि १९५७ मध्ये सोने व परकीय रोखे मिळून किमान २०० कोटी असले म्हणजे पुरे, असे ठरले. उरलेल्या नोटांना आधार म्हणून सरकारचेच कर्जरोखे चालणार होते. सरकारने कागद द्यायचा आणि त्या कागदाच्या जोरावर बँकेने नोटा काढायच्या, यात आता कायद्याची अडचण उरली नाही.

मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले आणि काही महिन्यांतच उघड खटका उडाला. निमित्त अगदी किरकोळ दिसणारे होते. कृष्णम्माचारींनी हुंड्यांवरचे मुद्रांक शुल्क वाढवले. व्यापारी बँका हुंड्यांच्या तारणावर रिझर्व्ह बँकेकडून कर्ज घेत, त्यामुळे त्यांना हे कर्ज प्रत्यक्षात साडेतीन टक्क्यांऐवजी चार टक्क्यांच्या आसपास पडू लागले. व्याजदर ठरवणे हे रिझर्व्ह बँकेचे काम. आणि येथे अर्थमंत्र्यांनी तो अर्थसंकल्पाच्या मार्गाने परस्पर बदलला होता. गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी हरकत घेतली. कृष्णम्माचारींच्या मते रिझर्व्ह बँक हा सरकारचाच एक विभाग होता आणि हे मत त्यांनी लपवले नाही. पंतप्रधान नेहरूंनी पत्र लिहून अर्थमंत्र्यांची बाजू घेतली. मध्यवर्ती बँकेचे धोरण सरकारच्या मोठ्या धोरणाला धरूनच असले पाहिजे, असा त्या पत्राचा आशय होता. जानेवारी १९५७ मध्ये रामा रावांनी पद सोडले आणि कायम नेमणूक होईपर्यंत काही आठवडे के. जी. आंबेगावकर यांनी गव्हर्नरपद सांभाळले. गंमत अशी, की त्याच वर्षी मे महिन्यात बँक दरच रीतसर चार टक्के करण्यात आला. दर वाढायला हवा, याबद्दल मतभेद फारसा नव्हताच. तो कोणी वाढवायचा, यावरून एका गव्हर्नराला जावे लागले होते.

हा प्रसंग नेहमी सांगितला जातो, कारण त्यात नाट्य आहे. पण अर्थव्यवस्थेवर खरा परिणाम झाला तो त्यानंतरच्या शांततेचा. पुढची तीन-साडेतीन दशके अर्थ मंत्रालय आणि रिझर्व्ह बँक यांच्यात उत्तम ‘समन्वय’ होता, म्हणजे एकाने मागायचे आणि दुसऱ्याने द्यायचे. भांडणाला जागाच नव्हती, कारण बिल काढणे आणि घेणे या दोन्ही क्रिया आपोआप घडत होत्या. गव्हर्नराने नकार द्यायचा तर कशाला आणि कुठल्या टप्प्यावर?

किंमतसुद्धा ठरलेली होती. जुलै १९७४ पासून या बिलांवरचा दर ४.६ टक्क्यांवर गोठवला गेला. १९७४-७५ मध्ये घाऊक महागाई सरासरी २५ टक्क्यांच्या घरात होती, हे लक्षात घेतले म्हणजे सरकारला पैसा किती स्वस्त मिळत होता याची कल्पना येते. पुढे व्याजदर कुठून कुठे गेले, ४.६ मात्र हलला नाही. १९९२ मध्ये ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांचा पहिल्यांदा लिलाव झाला, तेव्हा बाजाराने सरकारकडे ११ टक्क्यांच्या आसपास व्याज मागितले. दोन्ही ठिकाणी कर्जदार एकच, हमी एकच. फरक एवढाच, की एका ठिकाणी देणाऱ्याला नाही म्हणता येत होते.

रिझर्व्ह बँकेने सरकारच्या खात्यात पैसे जमा केले, की ते तिथे पडून राहत नाहीत. सरकार ते ठेकेदाराला, कर्मचाऱ्याला, खत कारखान्याला देते. ते लोक ते आपल्या बँकेत भरतात. आणि बँका त्यांच्या जोरावर आणखी कर्जे देतात. म्हणजे एक रुपया नवा निघाला की बाजारात कित्येक रुपये फिरू लागतात. हा पूर कसा रोखायचा, हा प्रश्न रिझर्व्ह बँकेपुढे दरवर्षी असे. सरकारला नाही म्हणता येत नव्हते, म्हणून तिने बँकांचे हात बांधले. ठेवींपैकी किती रक्कम बिनवापर रिझर्व्ह बँकेत ठेवायची ते प्रमाण, म्हणजे सीआरआर, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ३ टक्के होते. १९८९ मध्ये ते १५ टक्क्यांवर गेले. आणि ठेवींपैकी किती रक्कम सरकारी व तत्सम रोख्यांत गुंतवायची ते प्रमाण, म्हणजे एसएलआर, १९९० मध्ये ३८.५ टक्क्यांवर पोचले. दोन्हींची बेरीज करून पाहा. एखाद्या सातारकराने सहकारी वा राष्ट्रीयीकृत बँकेत टाकलेल्या शंभर रुपयांचे काय होते, याचा सामान्य ठेवीदार विचार करत नाही. पण राष्ट्रीयीकृत बँकेत तेव्हा त्यातल्या साडेत्रेपन्न रुपयांचे भवितव्य आधीच ठरलेले असे. उरलेल्या साडेशेचाळीसांतला मोठा हिस्सा शेती आणि इतर अग्रक्रमाच्या क्षेत्रांना ठरावीक सवलतीच्या दराने जाई. जे काही शेवटी उरे, त्यावर बँक सगळा तोटा वसूल करू पाही. चाकण-पिंपरीच्या लघुउद्योजकाला खेळते भांडवल १६-१७ टक्क्यांनी मिळण्यामागे हे गणित होते. सरकार आणि बँक यांच्यातले न झालेले भांडण ठेवीदार आणि कर्जदार यांच्या खिशात जाऊन मिटत होते.

ऐंशीच्या दशकात सरकारी खर्च झपाट्याने वाढला तसा या व्यवस्थेचा ताण उघड दिसू लागला. १९९०-९१ मध्ये केंद्राची वित्तीय तूट सुमारे ४४,६०० कोटी होती आणि त्यातली १४,७०० कोटींच्या आसपासची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या पैशाने भरली गेली होती. १९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलन संपत आले, ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण पडले आणि ऑगस्टमध्ये महागाई १६ टक्क्यांच्या पुढे गेली. परकीय चलनाच्या संकटाची कारणे आणखीही होती, आखाती युद्ध त्यांपैकी एक. पण घरातल्या तुटीचा त्यात मोठा वाटा होता, याबद्दल अर्थतज्ज्ञांत फारसे दुमत नाही.

दुरुस्तीचा विचार त्याआधीच मांडला गेला होता. सुखमय चक्रवर्ती समितीने १९८५ मध्येच सुचवले होते, की पैशाचा पुरवठा किती वाढावा याचे लक्ष्य सरकार आणि रिझर्व्ह बँक यांनी मिळून ठरवावे आणि रिझर्व्ह बँकेने सरकारला द्यायच्या कर्जाला त्यात हद्द असावी. ही समिती नेमली गेली तेव्हा गव्हर्नर होते मनमोहन सिंग, आणि सी. रंगराजन तिचे सदस्य होते. नऊ वर्षांनी, ९ सप्टेंबर १९९४ रोजी, करार झाला तेव्हा मनमोहन सिंग अर्थमंत्री होते आणि रंगराजन गव्हर्नर. एका माजी गव्हर्नराच्या काळात उघडलेले दार दुसऱ्या माजी गव्हर्नराच्या काळात मिटू लागले.

करारात शब्दांपेक्षा आकडे महत्त्वाचे होते. १९९४-९५ या वर्षाच्या अखेरीस अ‍ॅड हॉक बिलांची निव्वळ वाढ ६,००० कोटींहून अधिक नसावी. वर्षाच्या मध्ये ती ९,००० कोटींच्या वर गेली आणि सलग दहा कामाच्या दिवसांहून जास्त काळ तिथेच राहिली, तर रिझर्व्ह बँकेने सरकारची बिले बाजारात विकून जादा रक्कम काढून घ्यावी. यातली खुबी या दुसऱ्या कलमात आहे. आधी आपोआप व्हायचे ते कर्ज. आता आपोआप होणार होती ती वसुली. आणि बाजारात विक्री म्हणजे बाजाराचा व्याजदर. उधळपट्टीची किंमत त्याच पंधरवड्यात दिसणार होती.

तीन वर्षांच्या ओढाताणीनंतर, मार्च १९९७ च्या दुसऱ्या करारानुसार, १ एप्रिलपासून अ‍ॅड हॉक बिले बंद झाली. त्यांच्या जागी ‘वेज अँड मीन्स अ‍ॅडव्हान्स’ ही हंगामी उचल आली. पहिल्या सहामाहीत १२,००० कोटी, दुसरीत ८,००० कोटी, व्याज लागू, परतफेड सक्तीची. तोवर साठलेली बिले ४.६ टक्क्यांच्या बिनमुदतीच्या रोख्यांत टाकली गेली. हे जुने ओझे झटकन फेडणे कुणालाच शक्य नव्हते. २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. १ एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे थेट सरकारकडून विकत घ्यायचे नाहीत. राष्ट्रीय आपत्तीसारख्या अपवादात्मक परिस्थितीसाठी मात्र कायद्यात पळवाट ठेवली होती.

ती पळवाट वापरायची की नाही, हा प्रश्न २०२० मध्ये आला.

फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात बाजारातून ७.८ लाख कोटी उभारायचे ठरले होते. टाळेबंदी लागली, करवसुली कोसळली आणि ८ मे रोजी सरकारने हा आकडा एका पत्रकाने १२ लाख कोटींवर नेला. एवढे रोखे घेणार कोण? रिझर्व्ह बँकेने थेट घ्यावेत, अशी सूचना त्या वेळी अनेक अर्थतज्ज्ञांनी उघडपणे केली. विरोध करणारेही तितकेच होते. शेवटी थेट खरेदी झाली नाही. पण बँक हात बांधून बसली असेही नाही. तिने रेपो दर ४ टक्क्यांवर आणला, हंगामी उचलीची मर्यादा पहिल्या सहामाहीसाठी २ लाख कोटी केली, बँकांना जास्त सरकारी रोखे भावातल्या चढ-उताराची नोंद न करता बाळगायची मुभा दिली आणि दुय्यम बाजारातून वर्षभरात निव्वळ ३.१३ लाख कोटींचे रोखे उचलले. म्हणजे रोखा आधी बँकेने सरकारकडून घ्यायचा, मग रिझर्व्ह बँकेने त्या बँकेकडून. फरक फक्त मधल्या थांब्याचा, असे कुणी म्हणेल. पण तो थांबा महत्त्वाचा आहे. तिथे भाव ठरतो.

तो भाव कसा ठरतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. समजा सरकारने दहा वर्षांचा, दरवर्षी ६ रुपये व्याज देणारा शंभर रुपयांचा रोखा लिलावात काढला. बँकांना वाटले, की पुढे महागाई वाढेल आणि त्यांना ७ टक्के परतावा हवा. मग त्या या रोख्याला साधारण ९३ रुपयेच देतील, कारण तेवढ्यात घेतला तरच व्याज आणि मुदतीअखेरचे शंभर मिळून वर्षाला सात टक्के सुटतात. सरकारला सात रुपये कमी मिळतात. आणि ज्या बँकांनी हाच रोखा आधी शंभरला घेतला होता, त्यांच्या ताळेबंदात तोटा दिसू लागतो. लिलाव चालवते सरकारची कर्ज व्यवस्थापक म्हणून रिझर्व्ह बँकच. पतधोरण ठरवणारीही तीच. एका हातात महागाई, दुसऱ्या हातात सरकारचे कर्ज स्वस्तात खपवण्याची जबाबदारी! अडचण नेमकी या जागी आहे.

१ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर ती अडचण दर शुक्रवारच्या लिलावात दिसू लागली. सरकारने उरलेल्या दोन महिन्यांत आणखी ८०,००० कोटी आणि पुढच्या वर्षी १२ लाख कोटींहून अधिक उचलण्याचे जाहीर केले, आणि दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा ६ टक्क्यांच्या वर सरकला. रिझर्व्ह बँकेला तो ६ च्या आसपास हवा होता. बँका जास्त परतावा मागत बोली लावत. रिझर्व्ह बँक त्या बोली नाकारे. मग न खपलेले रोखे लिलावाची हमी घेतलेल्या प्रायमरी डीलरांच्या गळ्यात पडत. ‘५.८५ टक्के २०३०’ हा तेव्हाचा दहा वर्षांचा रोखा, आणि त्याच्या लिलावांत हे वारंवार घडले. गव्हर्नर शक्तिकांत दास यांचे म्हणणे असे, की रोख्यांच्या परताव्याची सुरळीत चाल ही सार्वजनिक हिताची गोष्ट आहे. बाजाराने आपले मत जरूर मांडावे, पण झुंजीच्या पवित्र्यात येऊ नये. बाजाराला वाटत होते, की भाव ठरवायला बोलावले आहे तर ठरवू द्या.

यातून एप्रिल २०२१ मध्ये ‘जी-सॅप’ आले. पहिल्या तिमाहीत १ लाख कोटी आणि दुसऱ्या तिमाहीत १.२ लाख कोटींचे रोखे विकत घेऊ, असे रिझर्व्ह बँकेने आगाऊ सांगून टाकले. ऑक्टोबरमध्ये हा कार्यक्रम थांबला. सरकारच्या दृष्टीने हे सगळे फलदायी ठरले. २०२०-२१ मध्ये तोवरच्या इतिहासातली सर्वांत मोठी उचल करूनही सरकारला सरासरी ५.७९ टक्के व्याज पडले, सतरा वर्षांतले सर्वांत कमी.

ही १९५५ ची पुनरावृत्ती होती का? नव्हती. रक्कम रिझर्व्ह बँकेने ठरवली, मुदत तिने ठरवली आणि थांबवलेही तिनेच. दास स्वतः पूर्वी अर्थ मंत्रालयात सचिव होते, म्हणून त्यांच्यावर संशय घेणारे होते. पण थांबण्याचा अधिकार हाती होता आणि तो वापरला गेला, ही नोंद करायला हवी. टीका करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. रेपो दर ४ टक्क्यांवर मे २०२२ पर्यंत तसाच राहिला. त्या वर्षी जानेवारीपासूनच किरकोळ महागाई ६ टक्क्यांच्या वर होती आणि एप्रिलमध्ये ती ७.७९ वर पोचली. युक्रेन युद्धाने तेल आणि धान्य महागले, हे खरे. तरीही दरवाढ उशिरा का झाली, या प्रश्नात सरकारच्या कर्जाचा वाटा किती, हे बाहेरच्या माणसाला मोजता येत नाही. रिझर्व्ह बँकेने वाढीला आधार देणे हेच कारण सांगितले. ४ मे २०२२ ला ठरलेल्या बैठकीबाहेर अचानक दर वाढवावा लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ वर गेला. २०२२-२३ मध्ये सरकारच्या नव्या कर्जाचा सरासरी खर्च ७.३२ टक्के झाला.

२०१६ च्या कायदादुरुस्तीनुसार महागाई सलग तीन तिमाही ६ टक्क्यांच्या वर राहिली, तर पतधोरण समिती नापास ठरते आणि रिझर्व्ह बँकेने सरकारला लेखी कारण द्यावे लागते. ३ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यासाठी समितीची खास बैठक झाली आणि पत्र गेले. ते जाहीर करण्यात आले नाही. ज्या सरकारच्या उसनवारीमुळे बँकेचे हात कितपत अडकले होते हा प्रश्न, त्याच सरकारला बंद लिफाफ्यात उत्तर मिळाले.

ज्यांना हा ताण पुढेही ओळखायचा आहे, त्यांना गुप्त पत्रांची गरज नाही. लिलावाचे निकाल त्याच दिवशी दुपारी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर येतात. त्यात डीलरांवर किती रोखे पडले ते पाहावे. एखादा लिलाव पडला तर फार अर्थ लावू नये. एकाच मुदतीचा रोखा पुन्हा पुन्हा पडत असेल, तर बँक आणि बाजार यांचे भावावरून जुंपले आहे असे समजावे. साप्ताहिक पत्रकात केंद्राची हंगामी उचल दिसते. ती मर्यादेला भिडून आठवडेच्या आठवडे राहू लागली, तर तात्पुरती सोय पुन्हा कायमची होते आहे. आणि महागाई वाढत असताना रिझर्व्ह बँक रोखे विकण्याऐवजी विकत घेत असेल, तर तिने कुठल्या हाताला झुकते माप दिले, ते वेगळे सांगावे लागत नाही. २०२१ चा तो ‘५.८५ टक्के २०३०’ अजून फिटलेला नाही. त्याची मुदत १ डिसेंबर २०३० ला संपते.